बिस्किटांच्या डब्यातलं औषध

शिळं आणि नासलेलं यात फरक असतो, हे लोकांना सांगता सांगता माझं अर्धं आयुष्य गेलं. असं म्हटलं की माझ्या सुना हसतात. हसू देत. त्यांच्या घरात फ्रिज आहे. माझ्या घरात तेव्हा पत्र्याचा एक बिस्किटांचा डबा होता, श्रावणातली ओल होती आणि औषधाच्या कारखान्यात नोकरी लागलेला नवरा होता. या तिघांनी मिळून माझ्या डोक्यावर ज्या मिऱ्या वाटल्या, त्या अजून आठवतात.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. पिंपरीला रेल्वेलाइनच्या बाजूला नवा औषधाचा कारखाना उभा राहिला आणि गावाकडच्या एकाच्या ओळखीने आमच्या ह्यांना तिथे काम मिळालं. कारखान्यात म्हणे बुरशीपासून औषध काढत. हे कळलं त्या दिवसापासून आमचे हे जमिनीवर चालायचेच बंद झाले. अर्ध्या हळकुंडाने पिवळा होणं म्हणतात ना, ते मी रोज संध्याकाळी घरात पाहत होते. चाळीच्या नळावर बादली लावायची आणि चार माणसं जमली की सुरू: "बुरशी म्हंजी घाण न्हाई, राव. बुरशी म्हंजी औषध. सायबाच्या देशात तिला देवावानी जपत्यात." लोक तोंड उघडं टाकून ऐकत. कोणाची बादली भरून वाहायला लागली तरी भान नसे.

गावाकडे तर त्यांनी सरळ सांगून टाकलं होतं की मी औषध बनवतो. काय बनवता, कसं बनवता, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तुला न्हाई कळायचं." त्यांच्या हाताची बोटं मात्र रोज पाण्यात भिजून सुरकुतलेली असत. नखांच्या कडेला कातडी सोललेली असे. मी खोबरेल लावून देई. हे कशाने होतं म्हटलं की म्हणत, "औषधाची पावर हाय ती." भांडी घासून घासून माझी बोटं तशीच होत, पण त्याला कधी कोणी पावर म्हटलं नाही.

आता चपातीचं सांगते. गावाकडे आमच्या घरी चपाती सणाला. एरवी भाकरी. रात्रीची भाकरी शिंक्यावरच्या दुरडीत राही, सकाळपर्यंत कडक होई, आणि दह्याबरोबर किंवा चटणी-तेलाबरोबर तिच्याइतकी चव कशालाच नाही. दोन दिवसांची भाकरीही लोक कुस्करून खात. ती वाऱ्यावर असते, वाळते, म्हणून टिकते. पगार सुरू झाल्यावर आमच्याकडे गहू येऊ लागला, आणि नवऱ्याला डब्यात चपात्याच हव्या झाल्या. कारखान्यात भाकरी काढायला लाज वाटते म्हणे. त्यामुळे मी चपात्या करू लागले आणि रोज दोन-तीन उरू लागल्या.

उरलेल्या चपातीचं मला कळायला फार दिवस लागले नाहीत. पहिल्या दिवशी ती नुसती शिळी असते. कडा वातड होतात, दुमडली की चिरते, वास मात्र पिठाचाच येतो. तव्यावर तेल टाकून परतली किंवा कांदा-मिरचीची फोडणी देऊन कुस्करली की झकास लागते. दुसऱ्या दिवशी तिला हात लावण्याआधी वास घ्यायचा. फडक्यात गार करून ठेवलेली, कोरडी राहिलेली असेल तर थंडीच्या दिवसांत चालून जाते. पण गरम गरम रचून वर घट्ट झाकण लावलं असेल तर आत घाम सुटतो, त्या घामात चपात्या एकमेकींना चिकटतात, आणि आंबूस, पिकून गेलेल्या फळासारखा गोडसर वास येतो. मोडली तर आतून बारीक तार सुटते. अशी चपाती वरून पांढरीशुभ्र दिसली तरी टाकायची. आणि ठिपके आले, पांढरे, हिरवे, काळे, कसलेही, तर ती तर टाकायचीच आणि तिला चिकटून बसलेलीही टाकायची. ठिपक्यापुरता तुकडा मोडून उरलेली खाणारे लोक मला दिसले की माझा संताप होतो. ठिपका ही वरची गोष्ट. मुळं आत पसरलेली असतात. भाजूनही ते जात नाही.

डबा आला तो शेजारणीकडून. सिंध सोडून इथल्या निर्वासितांच्या कॅम्पात आलेल्या कुटुंबातली बाई होती, पुढे आमच्या चाळीत राहायला आली. श्रावणात तिच्याकडे एक दिवस चूल पेटवत नसत. आदल्या दिवशी तुपाचं मोहन घालून, गुळाच्या पाण्यात घट्ट भिजवून जाड गोड रोट्या करायच्या, मंद आचेवर खरपूस भाजायच्या आणि दुसऱ्या दिवशी देवीच्या नावाने गारच खायच्या. त्यातल्या दोन तिने मला याच डब्यात घालून दिल्या, आणि डबा परत घेईना. तिची रोटी तिसऱ्या दिवशीही खुसखुशीत होती. मी कसं म्हणून विचारलं तर म्हणाली, "बाई, पाणी कम, घी जादा. और पूरी ठंडी करके रखना. गरम बंद किया तो खराब." एवढं सरळ आहे ते. पण सरळ गोष्ट आमच्या घरात शिरायची म्हणजे तिला दार सापडत नसे.

त्याच श्रावणात सासूबाई आल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. बाभळीचा काटा टाचेत मोडला होता आणि गावात कोणीतरी सुईने टोकरून अर्धा काढला होता. येईपर्यंत पाय घोट्यापर्यंत सुजलेला, टाचेतून पू येत होता. ह्यांनी सायकलवर मागे बसवून त्यांना चिंचवड गावातल्या डॉक्टरकडे नेलं, मी चालत मागून गेले. डॉक्टरांनी काटा काढला, पट्टी बांधली आणि सांगितलं, "रोज एक इंजेक्शन घ्यावं लागेल, थोडे दिवस. लाली वर चढायला लागली तर पुण्याला न्यावं लागेल, आणि मग पाय राहील की नाही ते मी सांगू शकत नाही."

आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला आणि उठून उभ्या राहिल्या. "सुई न्हाई घ्यायची."

"अगं आये, पाय जाईल!"

"जाऊ दे. तुझ्या बाला बी सुईच दिली व्हती. सकाळी दिली आन सांजच्याला उचलला."

सासरे खूप दिवस आजारी होते आणि सुई अगदी शेवटी दिली, हे सगळ्या गावाला माहीत होतं. पण आत्याबाईंच्या लेखी सुई आली की माणूस जातो. डॉक्टर वैतागले. त्यांनी गोळ्या दिल्या, लावायला मलम दिलं आणि दोन दिवसांनी परत या म्हणाले. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "मन वळवा त्यांचं." जणू काही मन वळवायचं खातं माझ्याकडे होतं!

घरी आल्यावर मी ह्यांना म्हटलं, तुम्ही समजावा. तुम्ही औषधातले. ते म्हणाले, बघू. रात्री जेवताना आईसमोर बसून त्यांनी काय समजावलं? तर तीच नळावरची कथा. बुरशी म्हणजे औषध, बुरशीने जखमा बऱ्या होतात, लढाईत हजारो शिपाई वाचले. इंजेक्शनाचं नाव नाही. मी दोनदा खाकरले. ते भात कालवत राहिले. आत्याबाई मात्र कान टवकारून ऐकत होत्या.

"आन ती बुरशी कुठली रं?"

"कुठली म्हंजी? बुरशी ती बुरशी. शिळ्या पावावर धरती, भाकरीवर धरती, तसलीच."

मी तेव्हाच ताट आपटायला हवं होतं. नाही आपटलं, कारण सुनेने ताट आपटायची पद्धत नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून उरलेल्या चपात्या नाहीशा होऊ लागल्या. फोडणी द्यायला म्हणून मी टोपली उघडावी तर रिकामी. ह्यांना विचारलं तर म्हणाले, मी कुठे खातो, मला ताजी लागते. आत्याबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "कुत्र्याला टाकली." ज्या बाईने आयुष्यात पाखराला चार दाणे मोजून टाकले, ती चपाती कुत्र्याला टाकते! मी कपाळाला हात लावला. डबाही दिसेना. मला वाटलं शेजारीण घेऊन गेली.

आत्याबाईंचा पाय बरा होत नव्हता. सूज उतरत नव्हती आणि पट्टी बदलायला गेलं की त्या मला हात लावू देत नव्हत्या. मीच करते म्हणत. डॉक्टरकडे चला म्हटलं की गुण येतोय म्हणत. आणि सकाळी उठल्यापासून त्यांचा चेहरा एखाद्या व्रत केलेल्या बाईसारखा. मला काही समजेना, आणि समजत नाही याचाच जास्त राग येई.

मग एके दिवशी सकाळी, हे पहिल्या शिफ्टला जायला निघाले असताना, आत्याबाईंना उलट्या सुरू झाल्या. एकामागून एक. मी तांब्या घेऊन धावले. त्यांना भिंतीला टेकवून बसवलं, पाठीवरून हात फिरवला आणि घमेलं घ्यायला खाटेखाली वाकले. तिथे डबा. घट्ट झाकण, वरून फडकं, फडक्यावर वीट.

झाकण काढलं आणि तोच आंबूस, गोडसर वास खोलीभर पसरला. आत चपात्या एकीवर एक रचलेल्या. सगळ्यात खाली नव्या, माझ्या गेल्या दोन दिवसांच्या. त्या गरम असतानाच उचलल्या असणार, कारण झाकणाच्या आतून पाण्याचे थेंब ओघळत होते. मधल्या चपात्या लगदा होऊन चिकटल्या होत्या. सगळ्यात वरची, जुनी, अर्धी खाल्लेली, आणि तिच्यावर हिरवट पांढरं, लोकरीसारखं. मी एक कड उचलली तर तार सुटून लोंबली.

"आत्याबाई, हे काय?"

त्या हळूच म्हणाल्या, "औषध हाय माझं. घरचं."

"हे औषध? हे खाताय तुमी?"

"सकाळी चतकूर खाते आन सांजच्याला टाचंवर बांधते. माझा ल्योक हेच बनवतो कंपनीत. सुईत घालून परक्यानं टोचायचं, ते मी हिथं नुसतं खाते. काय वंगाळ करते?"

मी त्यांचा पाय ओढून पट्टी सोडली. टाचेवर हिरव्या चपातीचा तुकडा चिकटलेला. भोवतीची लाली घोट्याच्या वर चढायला लागली होती, पायाला हात लावला तर कढत. त्या क्षणी मला जो राग आला तो कोणावर ते सांगता येत नाही. म्हाताऱ्या बाईवर आला, तिची दया आली, आणि दारात सायकल धरून उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याला तो डबाच फेकून मारावासा वाटला. पी हळद आणि हो गोरी, हे आजपर्यंत मी दुसऱ्यांना म्हणत होते. आता ते माझ्या खाटेखाली निघालं होतं.

"या आत," मी त्यांना म्हटलं. आवाज माझाच आहे का असं मला वाटलं. "बघा. तुमचं औषध. नळावरचं."

त्यांनी डब्यात पाहिलं, मग आईच्या पायाकडे पाहिलं आणि सायकल भिंतीवर कलंडली.

"आये, अगं हे कुणी सांगितलं तुला?"

"तूच की."

"आवं सांगा ना आता," मी म्हटलं. "असली बुरशी चालती का तुमच्या कारखान्यात? माझ्या चपातीवर येती ती? सांगा आत्याबाईंना. मला न्हाई कळायचं, तुमाला तर कळतंय ना?"

ते खाली बसले. कारखान्याचा भोंगा झाला, तरी बसूनच. मी समजले की आता पुन्हा लढाईतले शिपाई येणार, आणि ते आले असते तर मी त्या दिवशी माहेरी निघून गेले असते, हे खरं. पण ते हाताची बोटं एकमेकांत घालून बघत राहिले. ती सोललेली, पांढुरकी बोटं.

"आये, मला न्हाई ठावं," ते म्हणाले. "त्यांची बुरशी निराळी हाय. सायब लोक ती एकच जात राखून ठेवत्यात, दुसरी कुठली आत येऊ नये म्हणून तोंड बांधून जात्यात. ती मोठी टाकी मी कधी बघितली बी न्हाई. मला तिकडं सोडत न्हाईत."

"मग तू काय करतोस?"

"बाटल्या धुतो."

शेजारणीच्या स्टोव्हचा आवाज येत होता.

"औषध भरायच्या बारक्या बाटल्या," ते पुढे म्हणाले. "सोड्याच्या पाण्यात धुवायच्या, मग साध्या पाण्यात, मग उजेडावर धरून बघायच्या. आत कण जरी दिसला तरी बाजूला काढायची. पुन्ना धुवायची. दिवसभर त्येच."

मला इतका राग आला होता की मी थांबले नाही. "बाटलीत कण दिसला तर तुमी बाजूला काढता, आन आईच्या पोटात अख्खी हिरवी चपाती जाऊ दिली! त्या रात्री जेवताना ऐकत व्हत्या त्या, खरं काय त्ये एका शब्दानं बोलला न्हाईत!"

"बोललो असतो तर तिनं इचारलं असतं, तू तिथं काय करतोस," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. मी नवऱ्याला तसं आधी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला त्याचाही राग आला, कारण आता भांडताही येईना.

मी आत्याबाईंना लिंबू-मीठ-साखरेचं पाणी करून घोट घोट पाजलं. शेजारणीने येऊन डबा पाहिला, नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "बाई, गरम बंद किया न?" मी म्हटलं, हो, तुमचाच डबा, तुमचंच खरं. मग डब्यातलं सगळं मी मागच्या उकिरड्यात खड्डा करून पुरलं, कुत्र्यांनाही मिळू नये म्हणून. आत्याबाईंना टांग्यात घालून आम्ही डॉक्टरकडे नेलं. त्या वाटेत एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटलं, लेकाची लाज वाटली असेल. गावभर सांगितलं होतं त्यांनी, माझा मुलगा औषध बनवतो म्हणून.

डॉक्टरांनी टाच पाहिली, जखम धुतली आणि आमच्यावर जे तोंडसुख घेतलं ते मी मान खाली घालून ऐकलं, कारण त्यातलं काही खोटं नव्हतं. मग कंपाउंडरने एक बारकी बाटली आणून टेबलावर ठेवली. तळाशी पांढरी पूड, वर रबरी बूच. आत्याबाईंनी हात पदराआड घेतला. डॉक्टर म्हणाले, "आता तुम्ही ठरवा. आज नाही घेतलं तर उद्या मी घेणार नाही ही केस."

मी विनवण्या करायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याच बोलल्या, माझ्याशी नाही, लेकाशी.

"ही बाटली तुमच्याच कंपनीतली व्हय?"

ह्यांनी बाटली उचलून चिठ्ठी पाहिली. "व्हय. आमचीच."

"ही तू धुतलीस?"

"असंल. शेकडो धुतो. सांगता येत न्हाई."

आत्याबाईंनी बाटली लेकाच्या हातातून घेतली, खिडकीच्या उजेडावर धरली आणि एक डोळा मिटून आत बघत राहिल्या. त्यांना आत काय दिसलं असेल कोण जाणे. त्यांची नजर तेव्हाच अधू झालेली होती. डॉक्टर घड्याळ बघू लागले.

"कण न्हाई," त्या म्हणाल्या. मग बाटली कंपाउंडरच्या हातात दिली, लुगड्याचा पदर खांद्यावरून मागे सारला आणि माझ्या नवऱ्याचा हात घट्ट धरून कंपाउंडरला म्हणाल्या, "टोच."